दुखवट्याच्या घरात सण: सजावट किती आणि कुठे?

"सासरे जाऊन चार महिने झाले. सासूबाई म्हणतात, यंदा घरात काही नको. मुलं विचारतात, आपल्याकडे सण नाही का? सजावट केली तर आईंना लागेल, नाही केली तर मुलं हिरमुसतील. काय करू?"

ताई, आईंना 'करू की नको' असं विचारूच नका. दुःखातलं माणूस त्यावर एकतर 'नको' म्हणतं, नाहीतर 'करा काय करायचं ते'. हे दुसरं उत्तर होकार समजून पुष्कळ घरांत बिनसतं. 'नेमकं काय डोळ्यांसमोर नको?' असं विचारा.

माझ्याकडे आलेल्या अशाच एका घरात (ओळखीचे तपशील बदलले आहेत) आजींनी क्षणभर विचार करून सांगितलं, "दारावरची ती लुकलुकणारी माळ." ती दरवर्षी आजोबा स्वतः स्टुलावर चढून लावायचे. शिवाय ती रस्त्यावरून दिसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, यांचं सगळं आलबेल आहे. घरातल्या दिव्याला त्यांची हरकत नव्हती.

मग ठरवणं सोपं झालं. बाहेरून दिसेल असं काहीच नाही. आत बैठकीच्या एका कोपऱ्यात न लुकलुकणारा एकच दिवा आणि नातवाने केलेली पांढऱ्या कागदाची फुलं. कोपरा आजींनी निवडला. त्यांची खोली मात्र जशीच्या तशी ठेवली, म्हणजे नको वाटलं तर कारण न सांगता उठून जाता येईल. दिवा संध्याकाळी तासभर. वेळ आधीच ठरलेली असली की 'आता बंद करा' असं कुणाला म्हणावं लागत नाही.

स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलं, की शोकातलं माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत सतत ये-जा करतं. एका घरात प्रत्येकाची ही ये-जा वेगवेगळ्या वेळी होते. मुलं तर रडून पाच मिनिटांत खेळायला लागतात; त्यांना आजोबांचं काही वाटत नाही, असा अर्थ मोठ्यांनी काढू नये. त्या घरातल्या मोठ्यांना मी नातवाला सांगायला लावलं होतं, "सण रद्द नाही, यंदा हळू आवाजात आहे." नाहीतर आपलंच काही चुकलं असं मुलं धरून बसतात.

'मन रमेल' म्हणून परस्पर सजावट करणारे नातेवाईक हा खरा ताप. त्यांना आधीच दोन ओळी पाठवा: "यंदा घरात साधेपणाने करतोय. भेटायला जरूर या, सजावटीचं काही आणू नका." दुखवट्याचे दिवस तुमच्या घरच्या रीतीने ठरलेले असतील, तर त्यात समुपदेशकाने ढवळाढवळ करायची नसते, तेवढे दिवस पाळा, मग हे.

त्या घरात आजी अर्ध्या तासाने उठून गेल्या. सून मागे निघाली, पण नातू म्हणाला, "ठरलंय ना, जाऊ दे." माळ खोक्यातच आहे. पुढच्या वर्षी ती कोण लावणार हे आत्ताच ठरवू नका, असं मी त्यांना सांगितलं. तुम्हीही ठरवू नका.