ऑपरेशनच्या सकाळी कोणती गोळी द्यायची, कोणती टाळायची

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे आहेत. २० तारखेला सकाळी हर्नियाचं ऑपरेशन आहे, कमरेत इंजेक्शन देऊन भूल देणार आहेत. दीड वर्षापूर्वी हृदयात स्टेंट टाकलाय. रोज मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, थायरॉइडची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची कॅप्सूल चालू आहे. 'रात्री १२ नंतर काही खायचं-प्यायचं नाही' एवढंच सांगितलंय. मग सकाळच्या गोळ्या द्यायच्या का? आणि रक्त पातळ करायची कॅप्सूल कधी बंद करायची?

उत्तर:

मी भूलतज्ज्ञ आहे. गोळ्यांची यादी नीट लिहिलीत म्हणून नेमकं उत्तर देता येतंय. तरी खाली जे लिहितोय ते तुमच्या भूलतज्ज्ञांना आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे, त्यांना न विचारता परस्पर अमलात आणण्यासाठी नाही.

आधी कॅप्सूलचं बघू, कारण तिचा निर्णय आठवडाभर आधी व्हावा लागतो. त्या एका कॅप्सूलमध्ये दोन वेगळी औषधं आहेत आणि दोघांचं उत्तर वेगळं आहे. दोन्ही औषधं रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत आणि एकदा निकामी केलेली प्लेटलेट पुन्हा कामाला लागत नाही. शरीर नव्या प्लेटलेट्स बनवतं तेव्हाच फरक पडतो. रोज साधारण दहावा हिस्सा बदलतो, म्हणून क्लोपिडोग्रेलचा परिणाम पुरेसा ओसरायला पाच ते सात दिवस लागतात. कमरेतल्या भुलीत सुई मणक्याजवळ जाते. तिथे रक्त साचलं तर मज्जातंतूंवर दाब येऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. असं फार क्वचित होतं, पण झालं तर नुकसान मोठं असतं, म्हणून क्लोपिडोग्रेल चालू असताना आम्ही कमरेत सुई घालत नाही. एकट्या अ‍ॅस्पिरिनवर मात्र कमरेची भूल देता येते.

आता दुसरी बाजू. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी आणि तिच्यात गुठळी होऊ नये म्हणून ही औषधं आहेत. ऑपरेशनच्या धक्क्याने शरीरात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती नेमकी त्याच दिवसांत वाढते. त्यामुळे स्टेंट असलेल्या माणसाचं अ‍ॅस्पिरिन शक्यतो बंद करत नाहीत. हर्नियासारख्या ऑपरेशनमध्ये अ‍ॅस्पिरिनमुळे थोडं जास्त रक्त येतं, पण सर्जन ते सांभाळून घेतात. मेंदूच्या किंवा मणक्याच्या आतल्या ऑपरेशनला हा हिशोब बदलतो, कारण तिथे चमचाभर रक्तही महागात पडतं.

म्हणजे बाबांच्या बाबतीत क्लोपिडोग्रेल थांबवायचं आणि अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायचं, अशीच शक्यता जास्त. चूक होते ती इथेच. 'रक्त पातळ करायची गोळी सात दिवस बंद' असं कुणीतरी फोनवर सांगतं, घरचे कॅप्सूल बाजूला ठेवतात आणि अ‍ॅस्पिरिनही आपोआप बंद होतं. ते वेगळं विकत आणायचं असतं हे सांगायचं राहून जातं. तेव्हा कॅप्सूल थांबवायला सांगितली की लगेच विचारा, 'मग नुसती अ‍ॅस्पिरिन ७५ लिहून देता का?' आणखी एक, स्टेंटनंतर दोन्ही औषधं मिळून साधारण सहा महिने ते वर्षभर द्यायची असतात आणि त्या काळात तातडीचं नसलेलं ऑपरेशन शक्यतो पुढेच ढकलतात. बाबांना दीड वर्ष झालंय. जोडीतलं दुसरं औषध अजून चालू का आहे, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारायला हीच योग्य वेळ आहे. त्यामागे खास कारण असेल, मोठा किंवा अवघड जागचा स्टेंट असेल, तर ते भूलतज्ज्ञांना कळायलाच हवं.

'सात दिवस आधी बंद' या शब्दांवर थांबू नका. कुणी सातव्या दिवशीची गोळी देतं, कुणी देत नाही. 'शेवटची गोळी कोणत्या तारखेला द्यायची?' असं विचारा आणि कॅलेंडरवर लिहा. २० तारखेच्या ऑपरेशनसाठी सात दिवस पूर्ण कोरे हवे असतील तर शेवटची कॅप्सूल १२ तारखेला, आणि १३ पासून नुसतं अ‍ॅस्पिरिन.

दुसरं औषध डापाग्लिफ्लोझिन. ते सकाळच्या यादीत दिसतं म्हणून लोक त्याच सकाळी टाळतात, पण तेवढं पुरत नाही. ते किमान तीन दिवस आधी थांबवायचं असतं, म्हणजे बाबांची शेवटची गोळी १६ तारखेला. एम्पाग्लिफ्लोझिनलाही हेच लागू आहे. ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर काढतात. पोट उपाशी, वर ऑपरेशनचा ताण, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचतं. एरवी असं झालं की साखर चारशे-पाचशेला गेलेली असते, म्हणून लगेच लक्षात येतं. इथे ग्लुकोमीटरवर १६०-१८० दिसतात आणि सगळे निर्धास्त राहतात. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास असं काही दिसलं, तर साखर बरी असली तरी 'ही गोळी चालू होती, कीटोन तपासा' असं स्वतःहून सांगा. तीन दिवसांत साखर थोडी वर गेली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना आकडा कळवत राहा.

आता प्रत्यक्ष २० तारखेची सकाळ. उपाशी राहायचं ते पोटात अन्न असू नये म्हणून. भुलीत अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. कमरेच्या भुलीतही ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते, म्हणून नियम तोच. जेवणासाठी सहा ते आठ तास आणि साध्या पाण्यासाठी साधारण दोन तास धरतात. गोळी गिळायला लागणारे एक-दोन घोट पाणी यात मोडत नाहीत. पण ते पाणीच हवं. 'गोळी उपाशीपोटी कशी द्यायची' म्हणून अर्धा कप चहा दिला की ऑपरेशन पुढे जातं, कारण दूध पोटात दह्यासारखं घट्ट होतं आणि त्याला जेवणाइतकाच वेळ लागतो. बिस्किटाचंही तेच.

मेटोप्रोलॉल त्या सकाळी द्यायचंच. महिनोन्‌महिने घेतलेलं हे औषध अचानक तोडलं तर नाडी आणि रक्तदाब उसळतो आणि स्टेंट असलेल्या हृदयाला तेच सोसत नाही. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, घरच्यांनी 'उपाशी' म्हणून सगळ्याच गोळ्या दोन दिवस बंद केलेल्या. टेबलवर घेतलं तेव्हा नाडी १३०. त्यांचं ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. थायरॉइडची गोळीही द्या. एक दिवस चुकली तर बिघडत नाही, पण टाळायचं कारणही नाही. आदल्या रात्री कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीही नेहमीसारखी द्या.

साखरेची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन त्या सकाळी अजिबात नको. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो साखर खाली आणतं. घाम, थरथर, गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं गुंगीच्या इंजेक्शनखाली झाकली जातात. आदल्या रात्री ही गोळी जेवणाबरोबर घेत असतील तर द्यायला साधारण हरकत नसते, पण रात्रीचं जेवण नेहमीसारखं झालं पाहिजे. पहाटे घाम किंवा कसंतरी वाटलं तर ग्लुकोमीटर लावा. साखर ७० च्या खाली असेल तर ऑपरेशनची काळजी करत बसू नका, साखरेचं पाणी द्या आणि हॉस्पिटलला कळवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा परिच्छेद स्वतःला लावू नये. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन बहुतेक वेळा थोडं कमी करून चालू ठेवतात, बंद करत नाहीत.

टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन हीही जोडगोळी. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटाच्या गोळ्या पोटात असताना भुलीत रक्तदाब घसरतो आणि नेहमीच्या औषधांनी चटकन वर येत नाही. कमरेच्या भुलीत रक्तदाब आधीच उतरतो. म्हणून आमच्यातले बरेच जण ही गोळी २४ तास आधी थांबवतात. काही जण चालू ठेवतात, विशेषतः हृदय कमजोर असेल तर. दोन्हींना आधार आहे, त्यामुळे इथे तुमच्या भूलतज्ज्ञांचा शब्द अंतिम. थांबवायला सांगितलं तर अ‍ॅम्लोडिपिनचं वेगळं काय करायचं ते विचारा. ते शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे एक सकाळ चुकल्याने रक्तदाब भडकत नाही. पण बाबांचा रक्तदाब मुळातच चढा राहत असेल तर नुसतं अ‍ॅम्लोडिपिन द्यायला सांगतील.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. 'रक्त पातळ करायची गोळी' या नावाखाली दुसराही गट येतो, तो गुठळी घट्ट करणाऱ्या घटकांवर काम करतो. त्याचे दिवस वेगळे. वॉर्फरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, अ‍ॅसिट्रॉम दोन-तीन दिवस आधी, आणि आदल्या दिवशी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर बहुधा १.५ च्या खाली आला की नाही ते बघतात. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन छोट्या ऑपरेशनला एक दिवस, मोठ्याला दोन दिवस आणि कमरेत सुई घालायची असेल तर तीन दिवस. डाबिगाट्रानला किडनी कशी आहे त्यावर ठरतं. मधल्या दिवसांत पोटावर हेपरिनची इंजेक्शनं सगळ्यांना लागत नाहीत. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या रुग्णांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत इंजेक्शनांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. कृत्रिम धातूची झडप असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी हलवू नका. मोतीबिंदू किंवा दात काढणं यांसाठी तर बहुतेक वेळा काहीच थांबवत नाहीत.

भरती होताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसती चिठ्ठी नको. 'ती पिवळी छोटी' म्हटलं की आम्हाला कळत नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली औषधांची नावं कळतात. पट्टी कापताना नावाची बाजू शिल्लक ठेवा.

आणि घरी सोडताना कागदावर दोन तारखा लिहून घ्या. क्लोपिडोग्रेल परत कधी, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर ठरवतील. जखम कोरडी असेल तर बहुतेकदा एक-दोन दिवसांत सांगतात. ती जोडीची कॅप्सूल परत सुरू झाली की वेगळं आणलेलं अ‍ॅस्पिरिन बंद करायचं, नाहीतर कॅप्सूलमधलं आणि वेगळं असं दुप्पट जाईल. डापाग्लिफ्लोझिन मात्र बाबा पूर्वीसारखं पोटभर जेवायला लागेपर्यंत सुरू करू नका.