तिळाचा फोटो टूलवर टाकण्याआधी

प्रश्न: जबड्याजवळचा तीळ अलीकडे मोठा झाल्यासारखा वाटतोय. फोटो टाकला की तीळ कसला आहे ते सांगणारं एक ऑनलाइन टूल सापडलंय. डोळ्यांवर काळी पट्टी मारून फोटो टाकला तर ओळख लपेल ना?

उत्तर: नाही लपणार. डोळ्यांवरची पट्टी माणसाच्या नजरेला चकवते, चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला तितकीशी नाही. असं सॉफ्टवेअर चेहऱ्यावरून आकड्यांची एक यादी बनवतं (२०१५ साली आलेल्या फेसनेटमध्ये ती १२८ आकड्यांची होती) आणि ती दुसऱ्या फोटोच्या यादीशी ताडून पाहतं. पट्टी मारली तरी नाक, ओठ, जबडा आणि कान उघडेच राहतात. चेहरा धूसर करूनही भागत नाही. चौकोनी ठिपक्यांनी झाकलेले चेहरेसुद्धा यंत्राला बऱ्याचदा ओळखता येतात, हे २०१६ च्या संशोधनात दिसलं आहे. शिवाय फोनमधल्या हायलायटर पेनने पट्टी मारली असेल, तर तो रंग अर्धपारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालचं दिसू लागतं.

म्हणून पूर्ण चेहऱ्याचा फोटो काढून मग झाकाझाक करण्यापेक्षा, चेहरा कॅमेऱ्यात येऊच देऊ नका. जुना फोटो क्रॉप करणंही टाळा. क्रॉप केल्यावर पडद्यावरून गेलेला भाग फाइलमधून गेलेला असतोच असं नाही. पिक्सेल फोनच्या मार्कअप या फोटो एडिटरमध्ये २०२३ साली हाच दोष उघड झाला: कापलेल्या स्क्रीनशॉटच्या शेवटी जुन्या चित्राचा डेटा तसाच राहत होता आणि तो परत काढता येत होता. काही एडिटर क्रॉपनंतर फाइलमधलं छोटं पूर्वदृश्य बदलायचं विसरतात. मग बाहेरून फक्त तीळ दिसतो आणि आत अख्ख्या चेहऱ्याची छोटी प्रत बसलेली असते.

तुमच्या बाबतीत मी असं सुचवेन. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. खिडकीच्या उजेडात, मागे साधा कागद धरून, तिळाभोवतीची ३–४ सेंटिमीटर त्वचाच चौकटीत येईल इतका जवळून फोटो घ्या. कानाची पाळी, ओठाचा कोपरा, गळ्यातली साखळी, गोंदण, जुना व्रण यातलं काही येऊ देऊ नका. आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवा, पण ती बोटांनी धरू नका. हे वाचून हसू येईल, पण २०१४ साली एका जर्मन हॅकरने तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा त्यांच्या नेहमीच्या फोटोंवरून तयार करून दाखवला होता.

आता फाइलकडे. फोनच्या फोटोत तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. घरात काढलेला फोटो म्हणजे बहुतेक वेळा घराचा पत्ताच. संगणकावर exiftool हे फोटोतली अशी माहिती दाखवणारं आणि पुसणारं सॉफ्टवेअर असेल तर आधी पाहा, मग पुसा:

```
exiftool -gps:all til.jpg
exiftool -all= -tagsfromfile @ -icc_profile -orientation til.jpg
```

दुसऱ्या ओळीत रंगांची माहिती आणि फोटोची दिशा मुद्दाम ठेवली आहे. सगळंच पुसलं तर फोटो आडवा होऊ शकतो किंवा रंग बदललेले दिसू शकतात, आणि तिळाच्या बाबतीत रंगालाच महत्त्व. हा आदेश मूळ फाइल til.jpg_original नावाने बाजूला ठेवतो; ती चुकून अपलोड करू नका. पहिला आदेश पुन्हा चालवलात की काहीही छापलं जायला नको. संगणक नसेल तर फोटो मोठा करून स्क्रीनशॉट घ्या. त्यात लोकेशन येत नाही, बारकावे मात्र थोडे कमी होतात.

एवढं करूनही टूलच्या सर्व्हरवर जे होतं ते तुमच्या हातात नसतं. ईमेल किंवा फोन नंबर देऊन खातं उघडलंत, तर निनावी तिळाला नाव तुम्हीच चिकटवलंत. गोपनीयता धोरणात दोनच गोष्टी शोधा: फोटो किती दिवस ठेवतात आणि सॉफ्टवेअर शिकवायला वापरतात का. दिवसांचा आकडाच नसेल तर फोटो कायमचा राहील असं धरून चाला. ‘डिलीट’ दाबल्यावर खात्यातला फोटो जातो, पण त्यावर शिकलेलं मॉडेल आपोआप जात नाही. एव्हरअल्बम या फोटो अॅपला तर वापरकर्त्यांच्या फोटोंवर घडवलेली मॉडेल पुसायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये आदेश देऊन भाग पाडावं लागलं.

आणि तीळ खरंच वाढत असेल, तर टूलने ‘काळजी नाही’ म्हटलं तरी त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. ते डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने पाहतात; त्यात जे दिसतं ते फोनच्या साध्या फोटोत येत नाही.