आई-वडिलांबद्दलच्या दुःखासाठी चार कार्डांचा स्प्रेड

प्रश्न: बाबांशी तीन वर्षं बोलणं बंद आहे. टॅरो डेक आहे माझ्याकडे पण हात लावायची भीती वाटते, डेथ किंवा टॉवर आलं तर? एखादा सौम्य स्प्रेड आहे का?

भीती वाटते ना, मग ती कार्डं आधी काढूनच ठेव. डेथ, टॉवर, थ्री ऑफ स्वॉर्ड्स आणि टेन ऑफ स्वॉर्ड्स. डेथ म्हणजे फक्त शेवट आणि बदल असं सगळे सांगतात, पण मन हळवं असताना घोड्यावरचा सांगाडा समोर आला की ते समजावणं कामाला येत नाही. उरलेल्या ७४ कार्डांत बोलण्यासारखं भरपूर आहे.

आई गेल्यावर मी हा स्प्रेड करायला लागले. पहिलं कार्ड शफल करून काढायचंच नाही. सगळी कार्डं उलगडून बघायची आणि बाबांसारखं वाटेल ते स्वतः निवडायचं. मी आईसाठी क्वीन ऑफ स्वॉर्ड्स घेतलं, कारण ती तशीच होती, धारदार, आणि मला तलवारच दिसायची. चार-पाच वेळा ते समोर ठेवल्यावर एक दिवस लक्षात आलं की राणीच्या उजव्या हातात तलवार आहे खरी पण डावा हात पुढे केलेला आहे, कुणाला तरी जवळ बोलावल्यासारखा, आणि त्या दिवशी मी पुढचं काही काढलंच नाही, नुसती बसून राहिले.

मग बाकीची कार्डं शफल करून तीन काढायची. आज मला काय जड जातंय, माझ्याकडून काय बोलायचं राहिलं, आणि आजच्यापुरतं मी काय करू शकते. मला एकदा जड जाण्याच्या जागी फाइव्ह ऑफ कप्स आलं. काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन कप्सकडे बघतोय, दोन मागे उभे आहेत. ते दोन बघ असं स्वतःला लगेच सांगू नकोस, त्याला आधी सांडलेलं बघू दे. राहिलेल्या बोलण्याच्या जागी पेज ऑफ कप्स होतं, कपातून मासा डोकावतोय आणि तो मुलगा त्याच्याकडे टक लावून बघतोय. मी वहीत लिहिलं, "तू आजारी असताना मी चिडायचे, मला भीती वाटायची म्हणून." एवढंच.

बाबांच्या मनात काय आहे, ते फोन करतील का, हे मात्र विचारू नकोस. ते तुला कार्डावरून कळणार नाही, आणि उत्तर आवडलं नाही की माणूस परत शफल करतो. त्याच प्रश्नाला दुसऱ्यांदा कार्ड काढायला हात गेला की डेक बंद करायचा, निदान आठवडाभर. झोप उडाली, जेवण जाईना असं झालं तर कार्डं बाजूला ठेवून जवळच्या कुणाशी किंवा समुपदेशकाशी बोल.

आणि पहिलं कार्ड निवडताना एम्पररच घ्यायला पाहिजे असं नाही हां, वडील म्हणून सगळे तेच उचलतात. तुझे बाबा तुला नाइट वाटले तर नाइट घे.