रोज पाय धुऊनही वास जात नाही

प्रश्न: वय २४. दिवसभर बंद बूट घालावे लागतात. बूट काढले की पायांना इतका घाण वास येतो की चारचौघांत बूट काढायची हिंमत होत नाही. तळव्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेत. दिवसातून दोनदा साबणाने पाय धुतो, बुरशीचं मलमही लावून झालं. माझी स्वच्छता कमी पडतेय का? हे कायमचंच राहणार का?

उत्तर: तुमची स्वच्छता कमी पडत नाहीये, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं ज्या त्रासाची वाटतात तो बरा होतो. असाच त्रास असलेल्या, माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

त्या दूध प्रक्रियेच्या कारखान्यात काम करायच्या. तिथली जमीन कायम ओली, त्यामुळे पूर्ण पाळी गमबुटात. माझ्याकडे आल्या त्या पायांसाठी नव्हे, ‘मला माणसांत नकोसं होतं’ म्हणून. सहकाऱ्यांबरोबर जेवणं बंद केलं होतं, बहिणीकडे मुक्कामाला जाणं टाळत होत्या. बोलता बोलता कारण बाहेर आलं. घरी रोज नवऱ्याला विचारायच्या, ‘येतोय का वास?’ तो नाही म्हणाला की वाटायचं, मन राखायला म्हणतोय. वासाला आपलं नाक सरावतं, त्यामुळे स्वतः हुंगूनही खात्री होत नाही, आणि दुसऱ्याला विचारून मिळालेली खात्री तासभरही टिकत नाही.

त्यांचा घरचा उपाय असा होता: कामावर निघण्यापूर्वी अर्धा तास गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचे, साबणाने घासायचे, घाईत पुसायचे आणि लगेच मोजे चढवायचे. ‘पाण्यातून पाय काढला की खड्डे आणखी वाढलेले दिसतात,’ त्या घाबरून म्हणाल्या. खरं तर हीच या आजाराची खूण आहे. भिजलेली कातडी पांढरी पडून फुगते आणि खड्ड्यांच्या कडा उठून दिसतात. पाय वाळला की तेच खड्डे पुसट होतात.

मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान झालं पिटेड केराटोलायसिस. हा जिवाणूंचा संसर्ग आहे. कायटोकॉकस, कोरिनेबॅक्टेरियम अशा काही जिवाणूंना ओलसर, उबदार, बंद जागा मानवते. तळव्याच्या सर्वांत वरच्या, मृत थरात ते वाढतात आणि तिथलं केराटिन विरघळवणारी विकरं सोडतात, म्हणून खड्डे. या घडामोडीत गंधकयुक्त संयुगं तयार होतात, म्हणून तो वास. खड्डे बहुधा टाच, चवडा, बोटांच्या गाद्या अशा भार पडणाऱ्या भागांवर असतात. कधी एकमेकांत मिसळून वेडावाकडा उथळ चट्टा होतो. खाज सहसा नसते. काहींना जास्त वेळ उभं राहिल्यावर चुरचुरतं, या बाईंनाही तसं होत होतं.

डॉक्टरांनी बुरशी नाही ना हे पाहायला थोडी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. बोटांच्या बेचक्यांत खाज, पापुद्रे, भेगा असतील तर चिखल्या, म्हणजे बुरशी, असण्याची शक्यता जास्त. दोन्ही एकाच पायावर असूही शकतात. दुकानातून आणलेल्या बुरशीच्या मलमांचा इथे भरवसा धरता येत नाही. त्यातही स्टेरॉइड मिसळलेलं ‘सगळ्यावर चालणारं’ मलम असेल तर ते आधी बंद करा. संसर्गाला ते मदतच करतं, या मलमांबद्दल माझं मत फार कडवट आहे.

बाईंना मिळालेला उपचार साधा होता. क्लिंडामायसिन १ टक्का द्रावण, सकाळ-संध्याकाळ, कोरड्या तळव्यांवर, तीन आठवडे. एरिथ्रोमायसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड हेही दिलं जातं. काही डॉक्टर बेंझॉइल पेरॉक्साइड देतात, तेही चालतं, फक्त रंगीत मोजे आणि टॉवेल यांचा रंग त्याने उडतो. गोळ्यांची गरज क्वचितच पडते.

घामासाठी ॲल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्क्यांचं द्रावण होतं, पण ते डॉक्टरांनी चुरचुर थांबल्यावर सुरू केलं. ते रात्री झोपताना, पूर्ण वाळलेल्या पायांना लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. ओल्या कातडीवर लावलं तर आग होते. बाईंनी पहिल्या रात्री नेमकं पाय धुऊन लगेच लावलं आणि ‘हे मला सोसत नाही’ म्हणून बाटली बाजूला ठेवली. पुढच्या वेळी पाय पुसून, पंख्याखाली वाळवून लावलं, तेव्हा काही झालं नाही.

भिजवणं पूर्ण बंद झालं. पाय दिवसातून एकदा धुवायचे, बोटांच्या मधली जागाही टिपायची, आणि निघण्याच्या बऱ्याच आधी.

दुसऱ्या आठवड्यात वास जवळजवळ गेला. मग पुन्हा आला. औषध चालू होतं, लावण्यात चूक नव्हती. मी बुटांविषयी विचारलं तेव्हा उलगडा झाला. एकच जोडी, रोज रात्री दाराआड उभी ठेवलेली, आतलं अस्तर सकाळी हाताला ओलं लागायचं. वाळलेला पाय त्या ओलाव्यात गेला की जिवाणूंचं पुन्हा फावत होतं. दुसरी जोडी घेणं त्यांना उधळपट्टी वाटत होती, पण औषधाइतकीच तिचीही गरज होती. त्यानंतर दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या, म्हणजे प्रत्येक जोडीला वाळायला निदान पूर्ण दिवस मिळाला. आतला सुटा तळ रात्री बाहेर काढून ठेवायचा. मोज्यांचा दुसरा जोड डब्याबरोबर न्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत, पाय पुसून, बदलायचा. घरी आल्यावर पाय उघडे किंवा मोकळ्या चपलांत. तीन-चार आठवड्यांत खड्डे भरून आले. संसर्ग वरच्या थरातच असतो, त्यामुळे व्रण राहत नाही.

माझ्या बाजूचं काम वेगळं होतं. हुंगून पाहणं आणि नवऱ्याला विचारणं थांबवून आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी, कोरड्या तळव्याचा फोटो काढायचा असं ठरवलं. ओल्या पायाचा फोटो नाही, नाहीतर तुलना फसते. फोटोत फरक दिसू लागल्यावर त्या पुन्हा सहकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसल्या.

हा त्रास उलटू शकतो, कारण घाम आणि बूट दोन्ही तिथेच असतात. त्या अजून आठवड्यातून एक-दोनदा ॲल्युमिनियम क्लोराइड लावतात. त्यानेही घाम आवरत नसेल तर सौम्य विद्युतप्रवाहाचा आयन्टोफोरेसिस हा उपचार किंवा बोट्युलिनम इंजेक्शन असे पर्याय डॉक्टर सुचवतात, पण बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

तुम्ही आजपासून पाय धुणं एकदाच ठेवा, पूर्ण वाळवा, बुटांची दुसरी जोडी बघा, आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना आतापर्यंत लावलेल्या ट्यूब सोबत न्या, म्हणजे त्यात काय होतं ते त्यांना कळेल. खड्ड्यांऐवजी एखादी टणक, चिमटीत दाबल्यावर दुखणारी, काळे ठिपके असलेली गाठ असेल तर ती चामखीळ असू शकते. मधुमेह असेल, तळवे बधिर असतील, किंवा पाय लाल होऊन सुजला, पू आला तर मात्र वेळेची वाट न पाहता लगेच दाखवा.