८९९ चा अँटिव्हायरस ३,४९९ ला रिन्यू करायचा का?

प्रश्न: गेल्या वर्षी पाच डिव्हाइसचा अँटिव्हायरस ऑनलाइन ८९९ रुपयांत घेतला होता. परवा मेसेज आला, की चार दिवसांनी कार्डातून ३,४९९ रुपये कापले जातील. घरात माझा शिकवणीचा लॅपटॉप (विंडोज ११), यांचा जुना डेस्कटॉप (विंडोज १०), पुण्याला शिकणाऱ्या मुलीचं मॅकबुक, आमचे दोघांचे अँड्रॉइड फोन आणि मुलाचा आयफोन आहे. सहावं डिव्हाइस आता ते घेतच नाही. मुलगा म्हणतो दहाचा प्लॅन ४,४९९ ला आहे, तो घेऊ, दर डिव्हाइस स्वस्त पडतो. जेल रोडवरचा दुकानदार एका पीसीचा तीन वर्षांचा डबा १,५०० ला देतोय. काय करू?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

ताई, आधी ते ऑटो-डेबिट थांबवा. हिशोब नंतर निवांत करता येईल, पण कापलेले पैसे परत मिळवायला बसलात तर दोन-चार दिवस कस्टमर केअरच्या मागे जातील.

मेसेज आला, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा ठरावीक काळाने होणाऱ्या वसुलीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी, की १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला पुन्हा ओटीपी लागत नाही. म्हणजे तुम्ही गप्प राहिलात, की होकार धरला जातो. मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका, अँटिव्हायरस रिन्यूअलच्या नावाने खोटे मेसेज आणि ईमेल भरपूर फिरतात. बँकेचं ॲप स्वतः उघडा, ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन या सदरात त्या कंपनीचं नाव आणि रक्कम दिसेल, तिथून मँडेट रद्द करा. मग अँटिव्हायरसच्या वेबसाइटवर लॉगिन करून ऑटो-रिन्यूअलही बंद करा. दोन्ही ठिकाणी करा. नुसतं सॉफ्टवेअर काढून टाकलं तर वसुली थांबत नाही. ऑटो-रिन्यूअल बंद केल्याने उरलेले दिवस सहसा जात नाहीत, मुदत संपेपर्यंत संरक्षण चालू राहतं. आणि हे वाचेपर्यंत पैसे कापले गेलेच असतील, तर लगेच रिफंड मागा. बऱ्याच कंपन्या वार्षिक रिन्यूअलचे पैसे ३० ते ६० दिवसांत मागितले तर परत देतात, फक्त ती अट त्यांच्या रिफंड पॉलिसीत शोधावी लागते. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहकाला सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित प्रकार म्हणून नोंदलेलं आहे, तक्रारीत तसा उल्लेख करा.

आता भाव एवढा कसा चढला ते पाहू. खरं म्हणजे तो चढला नाही. ३,४९९ हीच त्या प्लॅनची छापील किंमत होती, तुम्हाला ८९९ मिळाली ती पहिल्या वर्षाची सूट. त्या पानावर बारीक अक्षरांत 'त्यानंतर दरवर्षी अमुक' असं बहुधा लिहिलेलं असतं, आणि गेल्या वर्षी तुम्ही जो ओटीपी टाकला तो ८९९ बरोबर पुढच्या वसुलीलाही होता. कंपनीचा हिशोब असा, की सॉफ्टवेअरची आणखी एक लायसन्स-की द्यायला तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो गिऱ्हाईक मिळवायला: जाहिरात, शॉपिंग साइटचं कमिशन, नव्या लॅपटॉपमध्ये ट्रायल आधीच भरून ठेवण्याचे पैसे. पहिल्या वर्षी ती तोटा सोसते किंवा जेमतेम बरोबरी करते, आणि दुसऱ्या वर्षी आपल्या आळसावर कमावते. हे काही आपल्याकडचंच नाही. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने ऑटो-रिन्यूअलच्या प्रश्नावरून चौकशी केल्यावर मॅकॅफी आणि नॉर्टन या दोघांनीही २०२१ मध्ये पद्धत सुधारण्याची लेखी हमी दिली होती, रिन्यू झाल्यावरही करार सोडून उरलेल्या महिन्यांचे पैसे परत घेता येतील, हीसुद्धा त्यात होती.

याची परीक्षा तुम्ही घरबसल्या घेऊ शकता. लॉगिन न करता, ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत तोच प्लॅन उघडा. नव्या गिऱ्हाइकाला आजही ९०० ते हजाराच्या आसपास भाव दिसला, तर जुन्या गिऱ्हाइकाने साडेतीन हजार देण्याचं काही कारण उरत नाही.

मुलाच्या हिशोबाकडे येते. ४,४९९ भागिले १० म्हणजे ४५०, आणि ३,४९९ भागिले ५ म्हणजे ७००, हे बरोबर आहे. पण भागायचं किती डिव्हाइसने, हे कंपनीने ठरवायचं की तुम्ही? दहा पानांचं सांगून दोघंच जेवायला बसली, तर पान स्वस्त पडलं असं कोणी म्हणत नाही.

शिवाय सहावं डिव्हाइस घेत नाही, याचा अर्थ तुमची पाच खरोखर भरली आहेत असं नाही. लायसन्स माणसं मोजत नाही, इन्स्टॉलेशन मोजतं. डब्यावर '3 Users' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ तीन यंत्रं. लॅपटॉप फॉरमॅट केला, की बरेचदा जुनी नोंद तशीच राहते आणि तोच लॅपटॉप नव्याने आणखी एक जागा धरतो. विकलेला फोनही जागा अडवून बसतो. सुदामा नगरच्या माझ्या एका क्लायंटच्या खात्यात पाचपैकी तीनच जागा खऱ्या होत्या: DESKTOP- ने सुरू होणारी दोन वेगवेगळी नावं एकाच कॉम्प्युटरची होती, आणि एक फोन कधीचा एक्सचेंजमध्ये गेलेला. तुमच्या खात्यात My Devices किंवा तशा नावाची यादी असेल. प्रत्येक नावापुढे शेवटचं कनेक्शन कोणत्या तारखेचं ते पाहा, महिनोन् महिने न दिसलेलं नाव काढून टाका. जागा लगेच मोकळी होते.

पण मी म्हणेन, जागा मोकळी करून तरी कशासाठी भरायची? कोणत्या यंत्रावर या सॉफ्टवेअरला खरं काम आहे, तेच बघा.

मुलाच्या आयफोनवर अँटिव्हायरस नावाचं ॲप बसतं, पण ॲपल कोणत्याही ॲपला दुसऱ्या ॲपच्या आत डोकावू देत नाही. त्यामुळे तिथे व्हायरस स्कॅन होतच नाही. मिळतं ते व्हीपीएन, धोकादायक वेबसाइट अडवणं, पासवर्ड फुटल्याची सूचना, असलंच काही. त्यासाठी एक जागा विकत घेणं मला पटत नाही. मॅकबुकमध्ये ॲपलचं एक्सप्रोटेक्ट आणि गेटकीपर आधीपासून आहे. मुलगी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर उतरवत नसेल आणि अपडेट चालू ठेवत असेल, तर तिला पुरेसं आहे. तुमच्या दोन अँड्रॉइड फोनवर प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना, एवढं प्ले स्टोअरमध्ये बघा. फोनवर खरा धोका आहे तो व्हॉट्सॲपवर 'चलान' किंवा 'लग्नपत्रिका' म्हणून येणाऱ्या एपीके फाइलचा, आणि तो टळतो ती फाइल न उघडल्याने आणि 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' ही परवानगी बंद ठेवल्याने.

म्हणजे सहापैकी उरली दोन, दोन्ही विंडोजची.

तुमच्या लॅपटॉपवर मुलांचे पेनड्राइव्ह लागत असणार, प्रश्नपत्रिका येत-जात असणार, म्हणून तिथे संरक्षण हवंच. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फुकट असतो आणि आता तो चांगला आहे. दुसरा अँटिव्हायरस टाकला, की तो आपणहून बाजूला होतो. इथेच एक गोंधळ होतो: प्लॅन संपला, तरी जुना अँटिव्हायरस काढला नाही, तर तो नुसता 'रिन्यू करा' म्हणत राहतो आणि आपल्याला वाटतं संरक्षण चालू आहे. म्हणून मुदत संपली, की तो पूर्ण अनइन्स्टॉल करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, आणि Windows Security मध्ये Virus & threat protection उघडून तिथे डिफेंडर चालू दिसतोय याची खात्री करा.

तीन वर्षांचा आकडा मांडू. पाचाचा प्लॅन भाव न वाढता चालू ठेवला तर १०,४९७. दहाचा १३,४९७, आणि तो ४,४९९ पहिल्या वर्षाचाच भाव असेल तर त्याहून बराच जास्त. जेल रोडचा डबा १,५००. डिफेंडर शून्य. मी डिफेंडरवर राहीन. पैसे भरून मनाला बरं वाटत असेल, तर लॅपटॉपसाठी तो डबा घ्या. वर्षाला ५०० पडतात, त्यात कार्ड जोडलेलं नाही, तीन वर्षांनी कोणी गुपचूप काही कापणार नाही. फक्त घेताना डब्यावरची सिस्टिम रिक्वायरमेंट वाचा. विंडोज ११ लिहिलेलं हवं. तुमचा लॅपटॉप एस मोडमध्ये असेल, तर बाहेरचा अँटिव्हायरस त्यावर बसणारच नाही, कारण त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरचीच ॲप चालतात. हे Settings मध्ये System आणि मग Activation इथे दिसतं. कीवरचं खरवडायचं आवरण शाबूत आहे ना ते बघा, पक्कं बिल मागा, आणि जुन्या प्लॅनचे दिवस संपेपर्यंत की टाकू नका. मुदत साधारणपणे ॲक्टिव्हेशनच्या दिवसापासून मोजतात.

डेस्कटॉपसाठी मात्र डबा घेऊ नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरची व्हायरस-ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण विंडोजमधलीच भोकं बुजवली गेली नाहीत, तर वरून कोणताही अँटिव्हायरस लावून तेवढी भरपाई होत नाही. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा-अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, तीही नावनोंदणी केली तर. ती Settings मधल्या Windows Update च्या पानावरून करता येते. त्यांना म्हणावं, मायक्रोसॉफ्टचं PC Health Check चालवून बघा. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर विंडोज ११ फुकटात चढेल. नसेल, तर त्या डेस्कटॉपवर नेटबँकिंग आणि यूपीआयची कामं आजपासून बंद, ती फोनवर करा, आणि साडेतीन हजार नव्या यंत्राच्या खात्यात बाजूला टाका.