डेफेरासिरॉक्स चालू असताना दर महिन्याला क्रिएटिनिन कशासाठी?

प्रश्न: मुलगी ६ वर्षांची, थॅलेसेमिया मेजर. रक्त चढवून अंगात साठलेलं लोह काढायला डॉक्टर डेफेरासिरॉक्स सुरू करू म्हणतात. पंपापेक्षा गोळी बरी का? आणि दर महिन्याला क्रिएटिनिन, लघवी तपासणं खरंच लागतं का?

लागतं, मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला. हाच प्रश्न आमच्या घरात दोन वर्षं चघळला गेलाय, म्हणून लिहायला बसले.

माझा मुलगा तेव्हा ८ वर्षांचा, वजन २० किलो. रोज ६०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोला ३०, पाण्यात विरघळणारी गोळी. सकाळी उपाशीपोटी ग्लासात ढवळायची, तळाला राहिलेला गाळ परत थोडं पाणी घालून पाजायचा, मग अर्धा तास नाश्ता नाही. पोटावर सुई टोचून रात्रभर पंप लावण्यापुढे हे सुखच होतं. वर्षभरात फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, २६०० वरून ११०० वर आलं आणि आम्ही पेढे वाटले.

चूक तिथेच झाली. हे औषध लोहाला पकडतं आणि पित्तातून, शौचावाटे बाहेर काढतं. अंगात लोहाचा साठा भरपूर असतो तोवर औषधाला काम असतं. साठा उतरला आणि डोस तोच राहिला, तर जास्तीचं औषध मूत्रपिंडाला त्रास देऊ लागतं. फेरिटिन हजाराकडे आलं की डोसचा फेरविचार करायचा असतो. आमचा तसाच चालू राहिला. त्यात दर महिन्याची तपासणी मोठ्या दिरांच्या सांगण्यावरून तीन महिन्यांवर गेली होती. "पोराला किती टोचणार? लॅबवाल्यांची धन!" असं ते म्हणायचे, आणि मी गप्प बसले.

मग पावसाळ्यात त्याला ताप आला, जुलाब झाले. गोळी आम्ही चालूच ठेवली. चार दिवसांनी रिपोर्ट आला: क्रिएटिनिन ०.५८. लॅबने छापलेली मर्यादा ०.३ ते ०.७, त्यामुळे आकडा ठळक नाही, बाजूला बाणही नाही. दीर म्हणाले, "नॉर्मल आहे."

नॉर्मल नव्हतं. गोळी सुरू करण्याआधी दोनदा तपासलं होतं, ०.३६ आणि ०.४०. सरासरी ०.३८. त्याच्यावर ३३ टक्के म्हणजे जवळपास ०.५१, आणि आम्ही त्याच्याही पुढे होतो. मुलाचा आकडा छापील मर्यादेशी नाही, त्याच्या स्वतःच्या पहिल्या आकड्याशी ताडायचा असतो. लघवीच्या रिपोर्टने उरलंसुरलं सांगितलं: प्रथिन एक प्लस, साखर दोन प्लस, आणि रक्तातली साखर मात्र ८८. म्हणजे मधुमेह नाही. मूत्रपिंडाच्या नलिका जे परत शोषून घ्यायचं तेच सोडून देत होत्या. रक्तातलं फॉस्फेटही कमी निघालं. डॉक्टरांनी याला फॅन्कोनी म्हटलं आणि गोळी त्याच दिवशी बंद केली. पाच-सहा आठवड्यांत सगळं जागेवर आलं. आता तो पंपावर आहे.

तेव्हा गोळी बरी की पंप? पंपातलं औषध डेस्फेरिऑक्सामाइन रक्तात अर्धा तासही नीट टिकत नाही, म्हणून ८ ते १० तास थेंबथेंब द्यावं लागतं, आठवड्यातून किमान पाच रात्री. त्याला वर्षातून एकदा कान आणि डोळे तपासायचे. लाल लघवीला घाबरू नका, ते निघालेलं लोहच आहे. ज्या मुलाला पंप आठवड्यातून दोनच रात्री लावला जातो त्याला गोळीच बरी.

तिसरं औषध डेफेरिप्रोन, दिवसातून तीनदा. हृदयातलं लोह काढायला चांगलं, पण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. म्हणून निदान सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, आणि ताप आला की गोळी बंद करून त्याच दिवशी पेशी मोजायच्या. ताप उतरायची वाट बघत बसायचं नाही.

तुमच्यासाठी एवढंच करा. सुरू करण्याआधीची दोन क्रिएटिनिन वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पहिला महिना दर आठवड्याला, मग दर महिन्याला, आणि लॅब शक्यतो एकच ठेवा, कारण एवढ्या लहान आकड्यात पद्धत बदलली तरी फरक पडतो. यकृताची तपासणीही पहिल्या महिन्यात दोनदा आणि नंतर महिन्याला होते, ती टाळू नका. उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात ठरेना, की आधी गोळी थांबवा आणि मग डॉक्टरांना फोन करा.

अर्थात हे आकडे माझ्या मुलाचे. बहुतेक मुलांना ही गोळी वर्षानुवर्षं सोसते, आमच्या डे-केअरमध्येच कितीतरी आहेत. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. दिरांनी मात्र अजून कबूल केलेलं नाही. परवा म्हणत होते, "०.५८ म्हणजे फार काही नव्हतं गं."