दोन साइज मोठी हुडी ढगळ का दिसते?

प्रश्न: राजवाड्याजवळून दोन साइज मोठी हुडी घेतली पण ओव्हरसाइज्ड वाटतच नाही, नुसती ढगळ दिसते, असं का?

उत्तर: कारण साइज वाढली की रुंदीबरोबर लांबी आणि बाहीपण वाढते, ओव्हरसाइज्ड हुडी ड्रॉप शोल्डरची असते, तिचं कटिंगच वेगळं असतं. मी इंदूरलाच शिवणकाम करते, ड्रॉप शोल्डरमध्ये खांद्याची शिवण मुद्दाम 2-3 इंच दंडावर उतरवतात आणि जेवढी उतरवली साधारण तेवढी बाही आखूड कापतात, म्हणजे नेहमीची बाही 25 इंच असेल तर इथे 22 च्या आसपास, त्यामुळे अंगात भरपूर रुंद असूनही बाही मनगटावरच थांबते आणि खालची पट्टी हिपवर बसते. घालून बघा, बाही तळहातावर येतेय आणि पट्टी मांडीवर उतरतेय तर ती फक्त मोठी साइज आहे. फक्त कापड बघा हं, पातळ असलं तर कटिंग बरोबर असूनही खांदा लोंबतो, 300 जीएसएमच्या पुढचं जाड कापड घ्या, आपल्याकडे ते थंडीतच झेपेल.